B चा वेग निम्मा असूनही त्याची एकूण ऊर्जा जास्त कशी?

प्रश्न: पृथ्वीभोवती A (वस्तुमान m, कक्षात्रिज्या r) आणि B (वस्तुमान 2m, कक्षात्रिज्या 4r) हे उपग्रह वर्तुळाकार कक्षांत फिरतात. त्यांचे कक्षीय वेग, त्या-त्या कक्षेतील मुक्तिवेग आणि एकूण ऊर्जा यांची तुलना करा. B चा वेग कमी आहे, मग उत्तरात त्याची ऊर्जा जास्त का दिली आहे?

उत्तर: कक्षीय वेग v = √(GM/r) असतो आणि त्याच अंतरावरचा मुक्तिवेग √(2GM/r), म्हणजे कक्षीय वेगाच्या √2 पट. दोन्ही सूत्रांत M पृथ्वीचे आहे. उपग्रहाचे वस्तुमान कुठेच येत नाही. त्यामुळे B दुप्पट जड आहे ही माहिती वेगांसाठी निरुपयोगी ठरते, आणि त्रिज्या चौपट असल्याने B चे दोन्ही वेग A च्या निम्मे येतात. येथे ११.२ किमी/से हा पाठ केलेला आकडा घालू नये, कारण तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग आहे.

ऊर्जेच्या सूत्रात मात्र उपग्रहाचे वस्तुमान येते. GMm/r हे एकक मानले, तर A ची गतिज ऊर्जा +१/२ आणि स्थितिज ऊर्जा −१, म्हणून एकूण −१/२. B ची गतिज ऊर्जा +१/४ आणि स्थितिज ऊर्जा −१/२ (वस्तुमान दुप्पट, अंतर चौपट), म्हणून एकूण −१/४. ऋण संख्यांमध्ये −१/४ ही −१/२ पेक्षा मोठी असते, म्हणून B ची ऊर्जा जास्त. A कडून B कडे जाताना गतिज ऊर्जा १/४ ने घटली, पण स्थितिज ऊर्जा १/२ ने वाढली. तुमच्या शंकेत केवळ पहिला बदल धरला गेला आहे. परीक्षेत याच ठिकाणी ऋण चिन्ह सोडून परिमाणांची तुलना केली जाते. ऋण चिन्ह काढल्यावर जे उरते ती बंधन ऊर्जा, आणि ती B ची खरोखरच कमी आहे. प्रश्नात ‘ऊर्जा’ विचारली आहे की ‘बंधन ऊर्जा’, हे आधी नीट वाचावे, कारण उत्तर त्यावरून उलटते. शिवाय हा निकाल वस्तुमानावरही अवलंबून आहे: B चे वस्तुमान 4m असते तर दोघांची ऊर्जा समान आली असती, आणि 5m असते तर B चीच कमी.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. B ला इन्सॅट उपग्रहांप्रमाणे भूस्थिर कक्षेत ठेवला, तर त्याची त्रिज्या सुमारे ४२,१६४ किमी आणि A ची तिच्या चौथा भाग, १०,५४१ किमी. (या त्रिज्या पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायच्या, पृष्ठभागापासूनची उंची r च्या जागी घातल्यास सगळे गुणोत्तर बिघडते.) A चा कक्षीय वेग ६.१५ किमी/से आणि तेथील मुक्तिवेग ८.७० किमी/से येतो. B साठी हेच आकडे ३.०७ आणि ४.३५.

समजा A लाच वरच्या कक्षेत न्यायचे आहे. त्यासाठी इंजिन गतीच्या दिशेने पेटवून वेग ६.१५ वरून ७.७८ किमी/से करावा लागतो, म्हणजे उपग्रह एका लंबवर्तुळाकार मार्गाला लागतो. वर चढताना गुरुत्वाकर्षण त्याला सतत मंदावत राहते आणि 4r अंतरावर पोचेपर्यंत वेग १.९४ किमी/से इतकाच उरतो. या वेगाने तो तेथे टिकणार नाही, खालीच परत येईल. म्हणून पुन्हा इंजिन पेटवून वेग ३.०७ वर आणावा लागतो. दोन्ही वेळा इंजिनाने वेग वाढवला, ऊर्जा दिली, आणि तरीही अखेरचा वेग सुरुवातीच्या निम्मा आहे. दिलेली ऊर्जा, आणि तिच्या जोडीला मूळ गतिज ऊर्जेचाही काही भाग, स्थितिज ऊर्जेत गेला.

मुक्तिवेगाचाही हिशेब याच मांडणीतून निघतो. मुक्त होण्यासाठी एकूण ऊर्जा किमान शून्य हवी, म्हणून जेवढी गतिज ऊर्जा आहे तेवढीच आणखी द्यावी लागते. गतिज ऊर्जा दुप्पट झाली की वेग दुप्पट होत नाही, √2 पट होतो, म्हणजे सुमारे ४१.४ टक्क्यांनी वाढतो. A साठी ही वाढ २.५५ किमी/से आहे, B साठी १.२७.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. एकूण ऊर्जा = −(गतिज ऊर्जा) हे समीकरण प्रत्येक क्षणी खरे असते ते फक्त वर्तुळाकार कक्षेत. वरच्या उदाहरणातील लंबवर्तुळावर वेग ७.७८ पासून १.९४ पर्यंत बदलतो, पण एकूण ऊर्जा बदलत नाही. तेथे −GMm/2a हे सूत्र वापरावे, ज्यात a म्हणजे दीर्घ अक्षाची निम्मी लांबी, आणि या मार्गासाठी ती 2.5r आहे.