विवरणपत्रातील तफावतीची नोटीस: आकडा फोडून, कागद जोडून उत्तर

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ शिरोली औद्योगिक वसाहतीत भागीदारीत यंत्रांचे सुटे भाग बनवतो. 2023-24 सालाबद्दल राज्य कर कार्यालयाने पोर्टलवर एएसएमटी-10 नमुन्यातील नोटीस टाकली आहे. जीएसटीआर-1 मध्ये कर 12,49,200 रुपये आणि 3बी मध्ये 12,24,000, म्हणजे 25,200 कमी भरले. तसेच 2बी मध्ये क्रेडिट 5,97,800 असताना आम्ही 6,82,000 घेतले, म्हणजे 84,200 जास्त घेतले, असे त्यात आहे. मिळून 1,09,400 आणि वर व्याज. नोटीस आमच्या पाहण्यात अठरा दिवसांनी आली. हिशेबनीस म्हणतात भरून मोकळे व्हा, मेहुणे म्हणतात साहेबांना समक्ष भेटून सांगा. खरेदी-विक्रीच्या नोंदवह्या सोबत पाठवत आहे. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या हाती आलेला कागद ही कराची मागणी नव्हे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 61 खाली अधिकारी विवरणपत्रांची छाननी करतो आणि त्याला दिसलेली विसंगती नियम 99 नुसार एएसएमटी-10 या नमुन्यात कळवून खुलासा मागतो. खुलासा एएसएमटी-11 या नमुन्यात द्यायचा असतो. तो पटला तर अधिकारी एएसएमटी-12 देऊन विषय बंद करतो. खुलासा आलाच नाही किंवा पटला नाही, तर कलम 73 खालची कारणे दाखवा नोटीस निघू शकते आणि मागणीची कारवाई खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते. म्हणून आज न तपासता एक लाखाहून अधिक रक्कम भरणे जितके चुकीचे, तितकेच नुसते तोंडी सांगून येणे निरुपयोगी आहे, कारण तोंडी बोलण्याची नस्तीत नोंद राहत नाही आणि पुढे अधिकारी बदलला की आपण काहीच कळवले नाही असे ठरते.

मुदतीचे आधी पाहू. खुलाशासाठी नोटीस बजावल्यापासून 30 दिवस मिळतात, आणि पोर्टलवर नोटीस उपलब्ध करून देणे हीसुद्धा कलम 169 प्रमाणे बजावणीच असल्यामुळे आपले दिवस आपण नोटीस पाहिली त्या दिवसापासून मोजले जाणार नाहीत. बारा दिवस उरले आहेत असे धरून चाला. अधिकाऱ्याला मुदत वाढवून देता येते, तेव्हा कागद गोळा होणार नाहीत असे वाटल्यास मुदत संपण्यापूर्वी कारणासह लेखी विनंती करा. या नोटिसा पोर्टलच्या नेहमीच्या सूचनांच्या पानावर दिसत नाहीत, त्या `Services > User Services > View Additional Notices/Orders` येथे असतात. उत्तरही तिथेच त्या प्रकरणात जाऊन द्यायचे आहे.

आता आकडे. छाननीत वर्षाच्या दोन बेरजा शेजारी ठेवून वजाबाकी केलेली असते. ती का आली हे नोटीस लिहिणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते सांगणे आपले काम आहे. त्यासाठी पोर्टलवरून बाराही महिन्यांची 1, 3बी आणि 2बी उतरवून घ्या. नोटिशीतील क्रेडिटचा आकडा खरोखर 2बी चाच आहे ना, हेही पडताळा. कधी कधी तो 2ए मधून घेतलेला असतो, आणि पुरवठादारांनी नंतर भरलेल्या विवरणपत्रांमुळे 2ए बदलत राहते, 2बी मात्र त्या त्या महिन्यापुरती कायम असते.

पहिल्या तफावतीचे कारण आपल्या विक्री नोंदवहीत एका ओळीत सापडते. 31 मार्च 2023 चे 1,40,000 रुपयांचे एक बीजक आहे, ज्यावर 18 टक्क्यांनी कर 25,200 रुपये होतो. मार्चच्या जीएसटीआर-1 मध्ये ते राहून गेले आणि एप्रिलच्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवले गेले, पण त्याचा कर आपण मार्चच्या 3बी मध्येच भरला होता. म्हणजे बीजक एका वर्षाच्या बेरजेत आणि कर दुसऱ्या वर्षाच्या बेरजेत पडला. हे सिद्ध करायला चार कागद पुरेत: ते बीजक, विक्री नोंदवहीचे मार्च 2023 चे पान, मार्च 2023 ची 1 आणि 3बी, आणि एप्रिल 2023 ची 1. मार्चमध्ये 3बी चा कर 1 पेक्षा नेमका 25,200 ने जास्त आहे, हे अधिकाऱ्याला स्वतः बेरीज न करता दिसले पाहिजे, म्हणून तो महिना वेगळ्या तक्त्यात मांडा. कर भरला गेला आहे आणि तोही वेळेत, त्यामुळे या बाबीवर एक रुपयाही देणे निघत नाही.

दुसरी तफावत अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिला एकच उत्तर नाही. आपली खरेदी नोंदवही 2बी शी ताडून पाहिली असता 84,200 चे चार तुकडे पडतात.

त्यांतील 18,500 रुपये वाहतुकीचे आहेत. नोंदणी नसलेल्या ट्रान्सपोर्टरला दिलेल्या 3,70,000 रुपये भाड्यावर आपण रिव्हर्स चार्जने 5 टक्के कर स्वतः भरला आणि त्याचेच क्रेडिट घेतले. ज्याची नोंदणीच नाही तो जीएसटीआर-1 भरत नाही, म्हणून ही रक्कम 2बी मध्ये येणे शक्यच नव्हते. 3बी च्या तक्ता 3.1(डी) मधील कर आणि तक्ता 4(ए)(3) मधील क्रेडिट सारखे असल्याचे दाखवा, हा कर रोखीने भरल्याची कॅश लेजरमधील नोंद जोडा, सोबत बिल्ट्या आणि आपण स्वतः काढलेली बीजके द्या.

पुढचे 43,200 हेही काळाचेच अंतर आहे. 2,40,000 रुपयांच्या पोलादाचे बीजक पुरवठादाराने मार्च 2023 मध्ये काढले आणि ते त्याच महिन्याच्या 2बी मध्ये आले, पण माल 3 एप्रिलला आला. माल हाती आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, अशी कलम 16(2) ची अटच असल्याने आपण ते एप्रिलमध्ये घेतले, हे बरोबर केले. बीजकासोबत ई-वे बिल आणि गेटवरच्या आवक नोंदवहीचे पान जोडा, कारण या बाबीत निर्णायक आहे ती आवक तारीख. मात्र हेच क्रेडिट मार्चच्या 3बी मध्येही घेतले गेलेले नाही ना, याची खात्री करून घ्या आणि तसे उत्तरात स्पष्ट लिहा. अधिकाऱ्याचा पुढचा प्रश्न तोच असेल.

उरलेले 22,500 रुपये मात्र मला वाचवता येतील असे वाटत नाही, आणि येथे हिशेबनीस अर्धे बरोबर आहेत. त्यांपैकी 9,900 रुपयांचे बीजक जुलैमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा नोंदले गेले आहे. ही सरळ चूक आहे. बाकीचे 12,600 ज्या पुरवठादाराच्या 70,000 रुपयांच्या बिलावरचे आहेत, त्याने ते बिल जीएसटीआर-1 मध्ये दाखवलेलेच दिसत नाही. त्याने उशिरा दाखवले असल्यास नंतरच्या एखाद्या 2बी मध्ये सापडेल, म्हणून ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या 2बी पाहा. तिथेही नसेल, तर पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा आणि माल आल्याची नोंद असूनही क्रेडिट टिकणे अवघड आहे, कारण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कलम 16(2)(एए) ने पुरवठादाराने बीजक कळवणे ही क्रेडिटची अटच केली आहे. खरेदीदाराच्या बाजूने लागलेले जे निकाल आपल्याला कोणी दाखवील, ते कोणत्या वर्षाबद्दल आहेत हे आधी पाहा. 2017-18 सारख्या जुन्या काळात ही अट नव्हती. ती रक्कम पुरवठादाराकडून वसूल करणे हा आपला आणि त्याचा वेगळा व्यवहार आहे.

हे 22,500 रुपये खुलाशाआधी डीआरसी-03 ने भरा, केंद्र आणि राज्य कर निम्मे निम्मे, आणि त्याची पोचपावती खुलाशाला जोडा. वर्षभराची 3बी आता दुरुस्त करता येत नाही, म्हणून हाच मार्ग आहे. कारणे दाखवा नोटीस निघण्यापूर्वी कर आणि व्याज भरल्यास कलम 73(5) आणि (6) नुसार त्या रकमेवर दंड लागत नाही. प्रकरण आदेशापर्यंत गेल्यास दंड कराच्या 10 टक्के किंवा 10,000 रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त ती असतो आणि तो केंद्र व राज्य कायद्यांखाली वेगवेगळा लावला जातो. म्हणजे 22,500 च्या करावर 20,000 दंड. ताठरपणा दाखवण्याइतकी ही रक्कम नाही.

व्याज डोळे मिटून भरू नका. चुकीचे क्रेडिट नुसते घेतल्याने व्याज लागत नाही, ते वापरले गेले तरच 18 टक्क्यांनी लागते, आणि नियम 88बी प्रमाणे क्रेडिट लेजरमधील शिल्लक चुकीच्या क्रेडिटपेक्षा जितकी खाली जाईल तितकेच वापरले गेले असे धरतात. क्रेडिट लेजर आपण मला पाठवलेले नाही. समजा 22,500 घेतल्यानंतर शिल्लक एके दिवशी 15,000 वर आली, तर 7,500 वरच त्या दिवसापासून व्याज. शिल्लक सतत 22,500 च्या वर राहिली असेल तर व्याज शून्य. आणि सगळेच वापरले गेले असेल तर वर्षाला 4,050 रुपये. लेजरचा उतारा काढून हिशेबाचा तक्ता जोडा. व्याज रोखीनेच भरावे लागते, क्रेडिटमधून नाही.

खुलाशाची भाषा साधी ठेवा. प्रत्येक बाबीखाली नोटिशीतला आकडा, कारण, आणि पुराव्याचा जोडपत्र क्रमांक इतकेच यावे. उदाहरणार्थ: “नोटिशीतील बाब 1 मधील 25,200 रुपयांची तफावत 31 मार्च 2023 च्या बीजकामुळे आहे. सदर बीजकाचा कर मार्च 2023 च्या 3बी मध्ये भरला असून बीजक एप्रिल 2023 च्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवले आहे. पाहा जोडपत्र 1 ते 4. सबब ही बाब वगळावी.” “आमचे हिशेब बरोबर आहेत” असे एका ओळीचे उत्तर आणि पानांना क्रमांक नसलेला दोनशे पानांचा गठ्ठा, या दोहोंचा परिणाम माझ्या अनुभवात सारखाच होतो: अधिकारी “खुलासा समाधानकारक नाही” असे लिहून मोकळा होतो. दुसऱ्या वर्षांबद्दल न विचारलेली माहिती देऊ नका. 2022-23 चा उल्लेख वरील दोन बीजकांपुरताच पुरे. जे मान्य नाही तेथे “मान्य नाही” आणि जे भरले तेथे “मान्य, भरले” असे शब्द वापरा. “वाद टाळण्यासाठी सर्व भरत आहोत” हे वाक्य मुळीच नको, कारण त्याने वगळण्याजोग्या 86,900 रुपयांवरही कबुली दिल्यासारखे होते.

मेहुण्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. खुलासा पोर्टलवर दाखल करून त्याचा क्रमांक मिळाला की, त्याची प्रत घेऊन कार्यालयात जाऊन तक्ते समजावून सांगा. एएसएमटी-12 येईपर्यंत दर आठवड्याला पोर्टल पाहत राहा. 2023-24 बद्दल कलम 73 खालची नोटीस 30 सप्टेंबर 2027 पर्यंत आणि आदेश 31 डिसेंबर 2027 पर्यंत निघू शकतो, तेव्हा एएसएमटी-12 हाती नसेल तर ही नस्ती आणि तिच्यातील बिल्ट्यांसह मूळ कागद तोपर्यंत जपून ठेवा, आणि डीआरसी-01 नमुन्यातील नोटीस आलीच तर तिच्या उत्तरापूर्वी ती मला दाखवा.