दिवाळीच्या शिलाईची शेवटची तारीख, ट्रायलच्या वेळा आणि अल्टरेशनचे नियम कॅप्शनमध्ये कसे लिहू? कोल्हापुरात छोटं बुटीक आहे, गिऱ्हाईक दुखावायला नको.

तारीख वाचून कुणीही दुखावत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ब्लाऊज अंगात शिरत नाही तेव्हा माणूस दुखावतं, आणि ते मी काउंटरवर उभी राहून पाहिलंय.

स्वतःचं दुकान टाकण्याआधी मी शहरातल्या एका बुटीकमध्ये कटिंगला होते. तिथल्या मॅडमचं मत ठाम होतं, "तारीख टाकली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं." त्यामुळं स्टेटसला दरवर्षी एकच ओळ असायची, 'दिवाळी ऑर्डर सुरू, त्वरा करा'. त्वरा म्हणजे कधीपर्यंत, ते कुणालाच कळायचं नाही. बोनस हातात आला की लोक गांधीनगर, महाद्वार रोड फिरून साड्या घ्यायचे आणि तशाच पिशव्या घेऊन आमच्याकडं यायचे. मॅडम सगळ्यांना हो म्हणायच्या.

त्या गर्दीत एका वैनींचा पैठणीचा ब्लाऊज होता. त्यांनी कापड अगदी वेळेत दिलं होतं. पण मागून आलेल्या ऑर्डरींत ट्रायलला बोलवायचं राहिलं आणि ब्लाऊज थेट हेमिंग, हूक होऊन पॅक झाला. घालून बघितला तर मुंढ्यात ओढत होता, हात वर होईना. मी बाजूची शिलाई उसवली, तर आत माया जेमतेम पाव इंच. कारागिरानं घाईत जास्तीचं कापड ओव्हरलॉकखाली कापून टाकलं होतं. साडीतलाच ब्लाऊजपीस, त्यामुळं दुसरं कापड आणायचं कुठून? "ताई, आता मी पूजेला काय घालू?" एवढंच त्या म्हणाल्या. मी त्याच रंगाच्या साध्या सिल्कची कळी काखेत घातली. हात खाली असेपर्यंत ती दिसत नाही, पण आरतीचं ताट धरलं की दिसतेच. मॅडमचं यावर म्हणणं, "बाईची अंगलट बदलली असेल." बदलली असती तरी ट्रायलला कळलं असतं, आणि माया असती तर तिथंच भागलं असतं.

म्हणून तुमच्या कॅप्शनमधली तारीख अंदाजानं टाकू नका, उलट मोजत या. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. डिलिव्हरी ५ तारखेपर्यंत संपवायची, ट्रायल १ तारखेपर्यंत. समजा दोन कारागीर आहेत आणि अस्तराचे चार-चार ब्लाऊज रोज कच्चे उभे करतात, म्हणजे दिवसाला ८. दसरा २० ऑक्टोबरला. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून १ नोव्हेंबरपर्यंत १२ दिवस मिळतात. एक सुट्टीचा, एक लाईट किंवा आजारपणाचा सोडला तर उरले १०. म्हणजे ८० ब्लाऊज. दसऱ्याला ऑर्डर बंद करताना शिवायचे राहिलेले ८० पेक्षा जास्त नकोत. त्याआधीच ८० साठले, तर त्या दिवशीच बंद करायचं. आरी वर्कचं वेगळं. फ्रेमवरचं काम संपल्याशिवाय कटिंग होत नाही, त्यामुळं त्याची तारीख घटस्थापनेला, ११ ऑक्टोबरलाच संपवा. दसरा, घटस्थापना असे दिवस धरले की बायकांच्या लक्षातही राहतात.

ट्रायल म्हणजे तयार ब्लाऊज घालून आरशात बघणं नव्हे. बाजू आणि बाह्या कच्च्या शिलाईवर, गळ्याची पट्टी अजून पक्की नाही, हूक नाहीत, अशा अवस्थेत ट्रायल घ्यायची. तेव्हा काहीही हलवता येतं. आणि सणाला जी आतली ब्रा घालणार तीच घालून यायला सांगा. वेगळी असली की कटोरी आणि टक्स दोन्ही जागा सोडतात, आणि दोष शिलाईवर येतो. एका ट्रायलला १५ मिनिटं धरा. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास ठेवले तर १६ जणी होतात, पण नावं १२ जणींचीच लिहा. उशिरा येणाऱ्या असतातच.

अल्टरेशनबद्दल 'अल्टरेशन फ्री' एवढंच लिहिणं मला पटत नाही. काय होतं आणि काय होत नाही ते लिहा. आत माया असेल तर ब्लाऊज सैल होतो, घट्ट तर केव्हाही होतो. गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही. सिल्क उसवलं की जुन्या सुईची भोकं दिसतात, हेही आधीच सांगावं. आरी वर्कचे मणी शिवणीला टेकले असतील तर ती बाजू उसवता येत नाही. चूक आपल्या मापाची असेल तर पैसे घ्यायचे नाहीत, मग पुन्हा शिवून द्यावं लागलं तरी. ट्रायलनंतर गिऱ्हाइकानं डिझाइन बदललं तर मात्र घ्यायचे, आणि तेही न लाजता.

माझं कॅप्शन साधारण असं असतं, तारखा तुमच्या घाला:

'दिवाळीची शिलाई: साध्या आणि अस्तराच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंत (२० ऑक्टोबर), आरी वर्कच्या घटस्थापनेपर्यंत (११ ऑक्टोबर). जागा भरल्या तर त्याआधीच बंद करू. ट्रायल २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, सकाळी ११ ते १, संध्याकाळी ५ ते ७. वेळ आधी ठरवून या, सणाला घालणार ती ब्रा घालून या. ट्रायल न घेता ब्लाऊज पक्का करत नाही. प्रत्येक ब्लाऊजला दोन्ही बाजूंना आत एक इंच माया ठेवतो. सैल-घट्ट करणं ५ नोव्हेंबरपर्यंत मोफत, ६ ते ११ नोव्हेंबर अल्टरेशन बंद, भाऊबीजेनंतर पुन्हा सुरू. आमच्या मापाची चूक असेल तर सणातही दुरुस्त करून देऊ.'

तारीख पहिल्याच ओळीत हवी. इन्स्टाग्रामवर पुढचं झाकलं जातं आणि उघडून वाचणारे थोडेच असतात. स्टेटसच्या फोटोवरही तारीख मोठ्या अक्षरात टाका, आणि स्टेटस २४ तासांत जात असल्यानं रोज नव्यानं लावा.

त्या मॅडम अजूनही भेटल्या की विचारतात, "नियम लिहून गिऱ्हाईक टिकतं का गं?" माझ्याकडं काहीजणी तारीख वाचून खरंच येत नाहीत. पण दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ज्या येतात, त्या पुढच्या वर्षी जावेला घेऊन येतात. शेवटच्या क्षणी येणारं गिऱ्हाईक हे वेळेवर आलेल्या गिऱ्हाइकाच्या वाटचं काम खातं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

हे सगळं ब्लाऊजपुरतं. तुमच्याकडं नऊवारी किंवा घागरा असेल तर रोजचा आकडा बराच खाली येतो, तो तुमच्या कारागिराला विचारूनच धरा. फॉल-पिकोला माझी शेवटची तारीख नसते, त्यासाठी बाई वेगळी असते. आणि घरात लग्न निघालं असं सांगत कुणी जुनी ओळखीची आली, तर मीही घेते. तेवढ्यासाठी ८० पैकी ५ जागा मी कुणाला सांगत नाही.