भीती नेमकी कशाची?

«मी ३४ वर्षांची असून डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी जाते. चार महिन्यांपूर्वी फास्ट लोकलमध्ये ठाणे सुटल्यावर अचानक छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, आता आपण मरतो असे वाटले. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी नॉर्मल निघाली. त्यानंतर असे पाच वेळा झाले, एकदा तर घरी टीव्ही पाहताना. आता मी स्लो लोकलनेच जाते. नवरा म्हणतो, काळजी फार करतेस. आई म्हणते, अँग्झायटी आहे. नणंद म्हणते, ट्रेनचा फोबिया. कोणाचे खरे?»
– स., डोंबिवली

सप्रेम नमस्कार.

तिघांनीही तुमच्या भीतीला नाव दिले, पण ती कशाची वाटते हे कोणी विचारलेले दिसत नाही. उलगडा तिथूनच होतो.

घराचा हप्ता कसा भरायचा, मुलाचा ताप कधी उतरेल, ही साधी काळजी. ती एखाद्या रात्रीची झोप उडवते, पण पगार जमा झाला, ताप उतरला की निघून जाते. तुमच्या यजमानांना बहुधा हीच ठाऊक आहे, आणि टीव्हीसमोर निवांत बसलेल्या माणसाला मरणाची धडकी कशी भरते हे तिच्यावरून समजणार नाही.

आईंच्या मनात जी अँग्झायटी आहे, तिला डॉक्टर जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. तिथे एक विषय मिटला की मन लगेच दुसरा धरते. हप्ता भरला तर नोकरी टिकेल का, नोकरी टिकली तर आईची तब्येत कशी राहील. असे किमान सहा महिने, बहुतेक दिवस चालते, थांबवू म्हटले तरी थांबत नाही, आणि सोबत मान-खांदे आखडणे, थकवा, चिडचिड, अपुरी झोप हेही येते. ही दिवसभर मंद आचेवर शिजणारी चिंता असते. तुमचे तर एकदम उतू जाते.

फोबियाचे लक्ष्य ठरलेले असते. पालीचा फोबिया असलेली बाई पाल नसलेल्या खोलीत निर्धास्त असते. तुमच्या नणंदेचे म्हणणे खरे असते, तर घरच्या सोफ्यावर तुम्हाला काही व्हायला नको होते.

तुमच्या पत्रातले वर्णन पॅनिक डिसऑर्डरशी जुळते. तुम्हाला आला तसा अचानक धडकीचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येतो, तेवढ्याने आजार ठरत नाही. मात्र अटॅक कारणाशिवाय पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि पुढच्या अटॅकच्या धास्तीने महिनाभर किंवा अधिक काळ माणसाचे वागणेच बदलले, तर डॉक्टर हे निदान करतात. तुम्ही ट्रेनला भीत नाही, तर ट्रेनमध्ये पुन्हा ‘तसे’ होईल याला भिता. गर्दीने किंवा उकाड्याने छाती जराशी धडधडली की मन म्हणते, ‘आला’. त्या घाबरण्याने अड्रेनलिन वाढते, धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड मनाला पुरावा वाटते.

स्लो लोकलचे गणितही इथेच आहे. फास्ट गाडीत ठाण्यानंतर बराच वेळ उतरता येत नाही, स्लो गाडीत दर तीन-चार मिनिटांनी दार सापडते. समजा, मुलुंडला धडधड सुरू झाली, तुम्ही भांडुपला उतरलात आणि बाकावर बसल्यावर पाच-सात मिनिटांत बरे वाटले. मन नोंद करते की उतरले म्हणून वाचले. वास्तविक अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरू लागतो. गाडीत बसून राहिला असतात तरी तो ओसरलाच असता. उतरण्याने तुमची सुटका होते खरी, पण हे कळण्याची संधीही तेवढ्याने हुकते. अशी टाळाटाळ बस, लिफ्ट, बाजारातली गर्दी अशी पसरत गेली तर तिला अगोराफोबिया म्हणतात; स्लो लोकल ही तिची पहिली पायरी असू शकते, म्हणून मला अटॅकपेक्षा तिची चिंता अधिक वाटते.

निदान पत्रावरून होत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जवळपास कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. चढ चढताना छाती दुखली, किंवा अटॅकमध्ये खरोखर शुद्ध हरपली, तर मात्र हृदयाची तपासणी पुन्हा करून घ्या. औषध दिलेच, तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्यामुळे त्या मनाने सुरू ठेवू नका.

गोळ्यांइतकाच उपयोग कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा होतो. थेरपिस्ट तुम्हाला कदाचित खोलीतच मिनिटभर जागेवर धावायला लावतील, म्हणजे धडधड मुद्दाम आणून ती आपोआप उतरताना तुम्हालाच पाहता येईल. त्यानंतर एखाद्या रविवारी दुपारी, गाडी रिकामी असताना, ठाणे ते घाटकोपर फास्ट लोकलने जायचे, आणि काहीही झाले तरी घाटकोपर येईपर्यंत जागेवरून उठायचे नाही.