पाळी सुरू झाली, पण दर महिन्याला येत नाही

मुलगी बारा वर्षांची. पहिली पाळी जूनमध्ये आली, दुसरी थेट ऑगस्टमध्ये. काही बिघडलंय का?

नाही. पहिल्या वर्षी असं होतं; 90 दिवस उलटूनही पाळी आली नाही, तर मात्र दाखवा.

मुलगी साडेतेरा वर्षांची, पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. यंदा 3 जानेवारी, 20 फेब्रुवारी, 8 एप्रिल अशी आली. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ निघालं. एक ताई पाळी नियमित करणारी पावडर देतात. सुरू करू का?

पावडर आधी बाजूला ठेवा. या वयात सोनोग्राफी केलीच कशाला, हा माझा पहिला प्रश्न. वाढत्या मुलीच्या अंडाशयात बारीक बारीक फोड दिसणं नैसर्गिक आहे. म्हणूनच पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नये, असं 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही शिक्का बसतो, आणि मागोमाग पावडरी आणि ‘पॅकेज’ येतात.

या वयात मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ अजून बसलेला नसतो. बऱ्याच महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. बीज नाही, तर अस्तराची वाढ आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि कधीतरी सुटतं, कधी थोडं तर कधी भसाभसा.

तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात ते बरं केलंत. अंतर 48 आणि 47 दिवसांचं आहे. पहिल्या वर्षानंतर ते 21 ते 45 दिवसांत असावं. ते दोन्ही वेळा 45च्या पुढे गेलंय, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. वजन झपाट्यानं वाढलं किंवा घटलं का, हनुवटीवर राठ केस आलेत का, हे त्या विचारतील. गरज वाटली तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी सांगतील. निदान त्यांना करू द्या, ताईंना नको.

पाळी दहा दिवस चालते, पॅड तासा-दीड तासाला भिजतो. सासूबाई म्हणतात, सुरुवातीला असंच असतं, आपोआप बसेल.

अंतर कमी-जास्त असणं वेगळं आणि इतका रक्तस्राव वेगळा. सात दिवसांच्या पुढे पाळी गेली किंवा पॅड दर एक-दोन तासांनी भिजू लागला, तर थांबायचं नाही. आजच दाखवा. चक्कर येत असेल, मुलगी पांढरीफटक दिसत असेल, तर थेट रुग्णालयात न्या. हिमोग्लोबिन तपासा. नाकातून वारंवार रक्त येतं का, हिरड्या सुजून वाहतात का, घरात कुणाला असा त्रास आहे का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. काही मुलींत रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतच उघडा पडतो. स्वतःहून अॅस्पिरिन देऊ नका, रक्त आणखी वाहतं.

पपई आणि गूळ खाल्ल्यावर पाळी येते का?

नाही.

गणपतीत पाळी नको म्हणून गोळी देऊ का?

मेडिकलमधून परस्पर आणून नको. डॉक्टरांना विचारा.