टीमकडून स्लाइड्स मागवण्याचा मेल कसा लिहावा?

*बुधवारी सकाळी 11 ला तिमाही आढावा आहे. सात विभागांकडून स्लाइड्स मागवून एकच प्रेझेंटेशन करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मेल कसा लिहू, म्हणजे सगळ्यांच्या स्लाइड्स वेळेत आणि एकाच टेम्प्लेटमध्ये येतील?*

लोअर परळच्या एका ऑफिसात मी चार वर्षं हेच केलं. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं, ‘सोबतचं टेम्प्लेट वापरून सोमवारी संध्याकाळपर्यंत स्लाइड्स पाठवाव्यात.’ टेम्प्लेट सगळ्यांनी वापरलं, पण आपापल्या परीने: जुन्या प्रेझेंटेशनमधले चौकोन उचलले आणि नव्या टेम्प्लेटवर आणून चिकटवले.

घोळ तिथेच होतो. टेम्प्लेट म्हणजे वरचा लोगो आणि मागचा रंग नव्हे. ‘Click to add title’ असं लिहिलेल्या ज्या रिकाम्या चौकटी असतात, त्यांत टाइप केलेला मजकूरच फॉन्ट, आकार आणि जागा टेम्प्लेटकडून घेतो. बाहेरून चिकटवलेली टेक्स्ट बॉक्स आहे तिथेच राहते. तुम्ही सगळ्या स्लाइड्स एकत्र करून Use Destination Theme निवडलंत, तरी शीर्षकं वरखाली दिसतात ती यामुळे. वैतागून Keep Source Formatting निवडलंत, तर प्रत्येकाची वेगळी मास्टर स्लाइड फाइलमध्ये येऊन बसते. आलेली फाइल तपासायला View मध्ये Outline View उघडा. डावीकडे शीर्षक दिसलं तर ते चौकटीत आहे. नुसता स्लाइडचा क्रमांक दिसला तर चिकटवलेलं आहे.

म्हणून पुढे मी कोरं टेम्प्लेट पाठवणंच सोडलं. प्रत्येक विभागासाठी दोन स्लाइड्सची फाइल करायची, शीर्षकं आधीच टाइप केलेली, आलेख खोटे आकडे घालून आधीच ठेवलेला. समोरच्याने फक्त भरायचं. सात फाइल्स करायला मला तासभर लागायचा, आणि मंगळवारची रात्र वाचायची.

आलेख आधीच ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. एक्सेलमधून आलेख साधा पेस्ट केला की तो मूळ फाइलशी जोडलेला राहतो, आणि ती फाइल असते त्यांच्या कंप्युटरवर. आयत्या वेळी आकडा दुरुस्त करायला गेलात तर डेटा उघडत नाही. आणि लिंक नको म्हणून एम्बेड केला, तर अख्खं वर्कबुक सोबत येतं, बाकीच्या शीट्ससकट. आमच्याकडे एकदा अशा आलेखाच्या पोटात पगाराची शीट निघाली होती. नशीब, ती मलाच दिसली.

आता वेळ. ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणजे कुणासाठी सहा, तर कुणासाठी रात्री जेवणानंतर. सोमवार दुपारी 4 लिहा. चारला फाइल आली नाही तर तुम्ही त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभं राहू शकता. सहानंतर तो लोकलमध्ये असतो आणि ‘नेटवर्क नाहीये, घरी पोचून पाठवतो’ असं उत्तर येतं. मंगळवार पूर्ण तुमच्या हातात हवा.

मी पाठवायचो तो मेल साधारण असा:

> विषय: सोमवार दुपारी 4 पर्यंत: तिमाही आढाव्यासाठी तुमच्या 2 स्लाइड्स
>
> नमस्कार,
>
> बुधवारच्या आढाव्यासाठी तुमच्या विभागाची फाइल `03_Vasuli.pptx` सोबत जोडली आहे. दोन्ही स्लाइड्सची शीर्षकं भरलेली आहेत.
>
> पहिल्या स्लाइडवर आलेखावर राइट-क्लिक करून Edit Data मध्ये एप्रिल ते जूनचे आकडे भरावेत, रक्कम लाखांत. दुसऱ्या स्लाइडवर अडचणी आणि पुढची पावलं, जास्तीत जास्त पाच ओळी. जुन्या प्रेझेंटेशनमधला मजकूर आणायचा असेल तर पेस्ट करताना Keep Text Only निवडावं. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा.
>
> फाइलचं नाव न बदलता सोमवारी दुपारी 4 पर्यंत याच मेलला उत्तर म्हणून पाठवावी. आकडे तोवर अंतिम होणार नसतील तर सोमवारी सकाळी कळवावं, मी ती जागा राखून ठेवेन.

युनिकोडची ओळ गाळू नका. कुणीतरी कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर हमखास उचलतं, आणि तो फॉन्ट नसलेल्या मीटिंग रूमच्या कंप्युटरवर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.

मेल सातही जणांना एकत्र पाठवू नका. एकत्र मेल गेला की प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांचं येऊ दे, मग बघू. सात वेगळे मेल, प्रत्येकात नावाने संबोधन, सीसीमध्ये तुमचे साहेब. आठवण मात्र सोमवारी सकाळी, आणि ज्यांचं आलेलं नाही त्यांनाच.

एखादे ज्येष्ठ साहेब तरीही वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतीलच. त्यांच्याशी टेम्प्लेटवरून वाद घालू नका. आकडे स्वतः भरा, तयार स्लाइड त्यांना परत पाठवा आणि ‘सर, आकडे बरोबर आहेत ना?’ याचं उत्तर लेखी घ्या. फोटोतला 1 आणि 7 मी एकदा उलटा वाचला होता.