दाळ, गाळ अन् आजीचा कान

प्रश्न : "आजीला 'दाळ आण' म्हटलं की कधी गाळ ऐकते कधी जाळ, पण 'हरभरा' म्हटलं की एका झटक्यात कळतं. असं काऊन? अन् दाळ बरोबर का डाळ?"

आधी दाळीचं, कारण 'दाळ म्हणू नका, डाळ म्हणा' ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मूळ धातू संस्कृत दल्, म्हणजे फुटणं, दुभंगणं. त्यातूनच दळण, त्यातूनच बेलाचं दळ, अन् फोडलेली तूर ती दाळ. द चा ड नंतर झाला, दंशाचं डसणं झालं तसा. म्हणजे आजीच मुळाच्या जवळ आहे, दुरुस्ती करणारे नाहीत!

आता कानाचं. एक आवाज बदलला, काढला किंवा घातला की जो दुसरा शब्द होतो तो शेजारी. दाळचे मोजा, गाळ जाळ काळ माळ बाळ टाळ चाळ, शेवट बदलला तर दार दात दाम दान, मधला बदलला तर दळ. अख्खी आळीच झाली. हरभऱ्याला शेजारी सापडतो का पहा बरं. लूस अन् पिसोनी या संशोधकांनी १९९८ मध्ये इंग्रजीवर हेच दाखवलं, आवाज कानावर पडला की सगळे शेजारी एकदम जागे होतात अन् त्यांच्यातून एक निवडायला वेळ लागतो, गोंगाटात तर चुकतोच. अन् शेजारी नुसते किती ते नाही, किती वापरातले तेही पाहावं लागते, म्हणून 'नाळ' म्हटलं तर 'काळ' ऐकू येणं सोपं, उलट होणं अवघड. अशा गर्दीतल्या शब्दांत म्हातारी माणसं तरुणांपेक्षा जास्त अडखळतात, म्हणून आजीवर चिडू नका, 'तुरीची दाळ' म्हणा, काम झालं.

पण शेजारी नेहमी आडवेच येतात असं नाही. चित्र पाहून नाव सांगायचं असलं तर इंग्रजीत गर्दीतला शब्द लवकर तोंडात येतो, अन् स्पॅनिशमध्ये २००५ च्या एका प्रयोगात ऐकतानाही गर्दीतलेच शब्द लवकर ओळखले गेले. तिथं शेजारी बरेचदा एकाच घरातले असतात, आपल्या घोडा-घोडी-घोडे सारखे, म्हणून मराठीला इंग्रजीचा नियम डोळे मिटून लावणारे विद्वान मला पटत नाहीत.

अन् वऱ्हाडीत तर आणखीन मजा, ळ चा य होतो. मंग गाळ अन् गाय शेजारी राहतच नाहीत, एकाच घरात येतात. आमच्याकडं उन्हाळ्यात हिरीतला गाय काढला म्हटलं तर पुण्याचा पाहुणा घाबरून विचारते, जगली का? आमच्या पोराले मात्र 'काढला' ऐकलं की समजते, गाय असती तर 'काढली' म्हटलं असतं.