हरात्मक मध्यातील ‘हर’

प्रश्न : जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किमी वेग असेल, तर सरासरी ५० का येत नाही? आणि ‘हरात्मक मध्य’ यातील ‘हर’ म्हणजे काय?

‘सरासरी म्हणजे बेरीज करून दोनने भागणे’ हे वाक्य शिकवणी वर्गांतूनही सर्रास ऐकू येते आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर ते जालना हे अंतर साधारण ६० किमी धरले, तर जायला एक तास आणि यायला दीड तास लागतो. म्हणजे १२० किमीला अडीच तास, वेग ताशी ४८. कमी वेगाने जास्त वेळ प्रवास झाल्यामुळे सरासरी त्या वेगाकडे ओढली जाते. हा ४८ म्हणजेच हरात्मक मध्य.

‘हर’ म्हणजे छेद. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही तो याच अर्थाने येतो. दोन्ही संख्या छेदस्थानी नेऊन १/६० आणि १/४० यांची सरासरी काढावी आणि ती उलटी करावी, की ४८ मिळतात. ‘हरात्मक’ हा शब्द इंग्रजी ‘हार्मोनिक’चे नुसते ध्वन्यनुकरण आहे, असे काही कोशप्रेमी ठामपणे सांगतात, ते मला मुळीच मान्य नाही. ग्रीक ‘हार्मोनिया’ म्हणजे जुळणी, स्वरमेळ. १२ एकक लांबीच्या तारेवर षड्ज धरला, तर ६ एककांवर तार षड्ज येतो. या दोन लांबींचा हरात्मक मध्य ८, आणि तेवढ्या तारेवर नेमका पंचम वाजतो. ९ या अंकगणिती मध्यावर शुद्ध मध्यम मिळतो. मूळ शब्दाने स्वर टिपला, तर आपल्या शब्दाने त्याचा नाद राखून शिवाय कृतीही सांगितली. माझ्या मते मराठी शब्द इथे मूळ शब्दापेक्षा सरस आहे.

अंकगणिती मध्य, भूमितीमध्य आणि हरात्मक मध्य यांचा मोठ्याकडून लहानाकडे हा क्रम कधीच बदलत नाही आणि तो दहावीच्या भूमितीमध्याच्या प्रमेयातूनच दिसतो. ४० आणि ६० सेंमीचे रेषाखंड एका रेषेत जोडून १०० सेंमी व्यासाचे अर्धवर्तुळ काढा. त्रिज्या ५०, हा अंकगणिती मध्य. सांध्यावर उभा केलेला लंब अर्धवर्तुळाला जिथे भेटतो तिथपर्यंतची त्याची लांबी √२४००, म्हणजे सुमारे ४८.९९, हा भूमितीमध्य. त्या भेटबिंदूपासून केंद्रापर्यंत त्रिज्या काढा आणि सांध्यापासून तिच्यावर लंब टाका; भेटबिंदूपासून या लंबाच्या पायापर्यंतचे अंतर २४०० ÷ ५०, म्हणजे ४८, हा हरात्मक मध्य. पहिल्या काटकोन त्रिकोणात त्रिज्या कर्ण आहे आणि भूमितीमध्य तिची बाजू. दुसऱ्यात भूमितीमध्यच कर्ण होतो आणि हरात्मक मध्य त्याची बाजू. कर्ण बाजूपेक्षा मोठाच असतो, म्हणून ५० > ४८.९९ > ४८.

संख्यांच्या मानाने त्यांच्यातील तफावत वाढली की सांधा केंद्रापासून दूर सरकतो आणि मध्यही एकमेकांपासून लांब जातात : ४ आणि १६ यांचे मध्य अनुक्रमे १०, ८ आणि ६.४ येतात. दोन्ही संख्या समान असतील तेव्हा मात्र सांधा केंद्रावरच येतो, त्रिकोण उरत नाहीत आणि तिन्ही मध्य एकच होतात.